न्यायामृत आणि अद्वैतसिद्धी : एका वादाची फेरमांडणी

माध्व आचार्य व्यासतीर्थ १५३९ साली निवर्तले. आनेगुंदीजवळ तुंगभद्रेच्या बेटावर, नववृंदावनात, त्यांचे वृंदावन आहे. विजयनगरच्या दरबारातले त्यांचे स्थान कळते ते सोमनाथकवीच्या 'व्यासयोगिचरित' या चंपूकाव्यातून आणि शिलालेखांतून. चरित्र गौरवाच्या भावनेने लिहिलेले आहे, म्हणून त्यातली स्तुती बाजूला ठेवून वाचावे लागते. त्यांच्या विचारांसाठी मात्र चरित्राकडे जायला नको, कारण 'न्यायामृत' हा त्यांचा ग्रंथ पूर्ण उपलब्ध आहे.

त्याला उत्तर देणारे मधुसूदन सरस्वती बंगालचे, काशीत राहिलेले. त्यांच्या 'अद्वैतसिद्धी'चे परिच्छेद न्यायामृताप्रमाणेच चार आहेत आणि आक्षेपही बहुतांशी त्याच क्रमाने येतात. त्यामुळे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले, की समोरासमोर कधी न झालेला हा वाद जवळजवळ ओळीओळीने उभा करता येतो. माध्व पंडित व्यासरामाचार्य वेष पालटून मधुसूदनांपाशी शिकले आणि मग त्यांच्याच खंडनासाठी 'तरंगिणी' लिहिली, ही मठपरंपरेतली कथा आहे. 'तरंगिणी' हे अद्वैतसिद्धीला दिलेले उत्तर आहे, एवढे ग्रंथच सांगतो.

वादाचा गाभा असा. माध्वांच्या मते जीव आणि ईश्वर यांच्यातला भेद खरा, कायमचा आहे. अद्वैत म्हणते, भेद दिसतो. पण तो मिथ्या आहे. तेव्हा आधी मिथ्या म्हणजे काय, हे ठरायला हवे. व्यासतीर्थ पद्मपाद, प्रकाशात्मा, चित्सुख, आनंदबोध या अद्वैती आचार्यांच्या पाच व्याख्या घेतात आणि एकेक तपासतात. नंतर ते विचारतात : जगाचे हे मिथ्यात्व स्वतः सत्य आहे की मिथ्या? सत्य असेल तर ब्रह्माखेरीज दुसरी सत्य वस्तू मान्य झाली. मिथ्या असेल तर जग मिथ्या असणेच खोटे, म्हणजे जग सत्य ठरले.

मधुसूदन दुसरा पर्याय उघडपणे स्वीकारतात, मिथ्यात्वही मिथ्याच. मात्र त्यातून जगाचे सत्यत्व निघते हे त्यांना मान्य नाही. हत्तीत गायपण नाही आणि घोडेपणही नाही. त्याच्यातले गायपण नाकारले म्हणून तो घोडा होत नाही, कारण दोन्ही नकारांमागचे कारण एकच आहे. तसेच जग आणि त्याचे मिथ्यात्व दोन्ही दृश्य आहेत, आणि दृश्य असणे हेच दोहोंच्या निषेधाचे कारण आहे. एकाचा निषेध झाला म्हणून दुसरे खरे होत नाही. माध्वांच्या मते हा दाखला जुळत नाही. गाय आणि घोडा यांच्यापलीकडे हत्ती आहे. सत् आणि असत् यांच्यापलीकडे तिसरा प्रकार ते मानतच नाहीत. अद्वैताचे 'सदसद्विलक्षण' इथेच त्यांना अडते.

दुसऱ्या परिच्छेदात हाच तंटा आत्म्याशी येऊन भिडतो. मी अल्पज्ञ आहे, दुःखी आहे, हे प्रत्येकाला आतून कळते. माध्वांच्या मते हे ज्ञान साक्षीचे, म्हणजे आत्म्याच्या स्वतःच्या जाणिवेचे. ते चुकत नाही. ईश्वर सर्वज्ञ आहे हे श्रुतीतून कळते. जीव आणि ईश्वर यांचे ऐक्य सांगणाऱ्या श्रुतिवाक्याला आधी हे दोघे माहीत असावे लागतात, आणि माहीत होतात ते भिन्न म्हणूनच. ज्या ज्ञानावर वाक्य उभे आहे त्यालाच ते खोडून काढू शकत नाही. शास्त्रात याला उपजीव्यविरोध म्हणतात.

मधुसूदनांचे उत्तर असे, की 'मी' या प्रत्ययात चैतन्य आणि अंतःकरण मिसळलेले असतात. अल्पज्ञता, दुःख ही अंतःकरणाची बाजू आहे. ऐक्य सांगितले आहे ते शुद्ध चैतन्याचे. दोघांना ओळखण्यापुरती ती लक्षणे वाक्याला लागतात, पण ती अंतिम सत्य असण्याची त्याला गरज नाही. जो आधार वाक्याला लागतो तो बाधित होत नाही, आणि जो बाधित होतो तो लागत नाही.

दोन्ही पक्ष वेद प्रमाण मानतात, नव्यन्यायाची परिभाषा वापरतात, प्रत्यक्ष कधी कधी चुकते हेही मान्य करतात. फाटा फुटतो तो याच जागी : आत्म्याच्या स्वतःविषयीच्या साक्षीला बाध होऊ शकतो का? 'नाही' म्हटले की भेद टिकतो, 'हो' म्हटले की अद्वैताला वाट मिळते. तरंगिणीनंतर गौडब्रह्मानंदांनी 'लघुचंद्रिका' लिहून पुन्हा अद्वैताची बाजू लढवली. १९१७ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अद्वैतसिद्धी या टीकेसह छापली. पण त्या आवृत्तीत बोलतात ते मुख्यतः अद्वैती. व्यासतीर्थांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत हवा असेल, तर शेजारी न्यायामृत उघडावेच लागते.