वाद्यवृंदाची वाढ आणि हॉर्नची झडप

सिंफनी-वाद्यवृंदाची वाढ वादकांच्या संख्येने मोजण्याचा प्रघात आहे. १७६१ मध्ये हायडन एस्टरहाझी दरबारी रुजू झाला तेव्हा सुमारे १५ वादक होते. १७९५ मध्ये लंडनच्या जाहीर मैफलीत त्याला सुमारे ६० लाभले. परंतु संख्येपेक्षा वाद्यांच्या घडणीतील बदल अधिक मूलगामी होय.

हॉर्नचेच पाहावे. दरबारी हॉर्न म्हणजे वेटोळी घातलेली साधी नळी; ओठांच्या ताणाने तीतून त्या लांबीचे स्वयंभू स्वर तेवढे निघत. मधले स्वर वाद्याच्या मुखात हात घालून, काहीसे दबलेले, काढावे लागत. आधारस्वर बदलला की नळीचा जोडतुकडाही बदलणे आले. १७७२ मध्ये हायडनने ४५ वी सिंफनी एफ शार्प मायनर या आडवळणी स्वरात रचली, तेव्हा हॉर्नसाठी अर्धस्वराचे जोडतुकडे मुद्दाम घडवून घ्यावे लागले.

१८१८ मध्ये श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल यांनी झडपेचे एकाधिकारपत्र मिळविले. बोट दाबताच हवेचा मार्ग लांबू लागला आणि सर्व स्वर सारख्याच खुलेपणाने निघू लागले. तरीही स्वीकार सावकाशच झाला: आलेव्हीच्या १८३५ च्या ‘ला ज्वीव्ह’ या संगीतिकेत झडपेचे व साधे हॉर्न शेजारी-शेजारी बसले. ब्राम्सने तर १८६५ मधील त्रयीसाठी जुना हॉर्नच मागितला; दबलेल्या स्वरांची ती धूसर छटा झडपेने पुसली होती.