नातेवाईकांच्या ग्रुपवर नोकरीच्या शोधाचा अपडेट: लांबलचक मेसेज छोटा कसा कराल?

नोकरी शोधताना सगळ्यात जास्त टाईप करावं लागतं ते रेझ्युमेत नाही, तर फॅमिली ग्रुपवर. "काय झालं रे नोकरीचं?" असं मामांनी विचारलं की आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर अख्खी कहाणी लिहून टाकतो. माझ्या मावसभावाने कहाणी लिहिली होती. त्याचा मेसेज थोडक्यात असा होता:

"आतापर्यंत ६२ ठिकाणी अर्ज केले, ९ जणांचा रिप्लाय आला. चार ऑनलाईन टेस्ट दिल्या, त्यातल्या दोन पास. एका कंपनीत एचआर राऊंडला नाकारलं, कारण सांगितलं नाही. पुण्यातल्या एका कंपनीचा टेक्निकल राऊंड क्लिअर झाला, आता मॅनेजर राऊंड गुरुवारी आहे. एचआर म्हणाली की सगळं नीट झालं तर ऑफर देऊ. तोपर्यंत SQL शिकतोय, रूमचं भाडं दोन महिने पुरेल..."

मेसेज मोठा असला की व्हॉट्सअ‍ॅप तो मध्येच कापून खाली Read more दाखवतं. नोटिफिकेशनमध्ये तर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. म्हणजे अर्ध्या घराने "६२ अर्ज, ९ रिप्लाय" एवढंच वाचलं आणि काळजीचे फोन सुरू झाले. फ्रेशरसाठी ६२ मधून ९ उत्तरं काही वाईट नाहीत, पण काकूंना हे कुठून माहीत असणार?

मग त्याने घाईघाईत दुसरा मेसेज टाकला: "पुण्याच्या कंपनीत जवळपास सिलेक्शन झालंय, गुरुवारी शेवटचं बोलणं! 🎉" संध्याकाळपर्यंत आजीने शेजारी पेढे वाटले. आणि पुढच्या आठवड्यात कंपनीचा नकार आला.

खरी चूक दुसऱ्या मेसेजमध्ये आहे. छोटं करताना आपण सगळ्यात आधी "तर", "अजून", "बहुतेक" असे शब्द उडवतो, कारण ते फालतू वाटतात. पण "नीट झालं तर ऑफर देऊ" यातला सगळा अर्थ त्या "तर"मध्ये आहे. तो गेला की शक्यतेची बातमी होते. मेसेज आनंदी ठेवायचा तर जे खरोखर घडलंय त्यातलं चांगलं निवडा. जे घडलेलं नाही त्याला सजवू नका.

आता त्याच मजकुरातून काय ठेवायचं ते बघू. अर्जांचे आकडे काढून टाका, ते नातेवाईकांच्या कामाचे नाहीत. एचआर राऊंडचा नकारही काढा. ती संपलेली गोष्ट आहे आणि त्यावर फक्त सल्ले येतील. कंपनीचं नाव टाकू नका, नाहीतर "तिथे आपला एक ओळखीचा आहे" असं म्हणत कोणीतरी परस्पर फोन लावेल (हे झालेलं मी पाहिलंय). टेक्निकल राऊंड ठेवा, कारण तो पास झालाय. पुढचा राऊंड ठेवा, पण "उद्या" किंवा "परवा" न लिहिता वार आणि तारीख लिहा. मेसेज कोण कधी वाचेल सांगता येत नाही. निकाल कधी लागेल हे मात्र लिहू नका. एचआरचा "एक आठवडा" सहज तीन आठवड्यांचा होतो.

तयार मेसेज असा:

"चांगली प्रगती आहे 🙂 पुण्यातल्या एका कंपनीचा टेक्निकल राऊंड पास झालो. पुढचा राऊंड गुरुवारी १२ तारखेला. नोकरी अजून पक्की नाही, ऑफर लेटर हातात आलं की मीच इथे सांगेन. तब्येत मस्त, जेवण वेळेवर!"

"पक्की नाही" हे वाक्य मुद्दाम मध्ये आहे. शेवटी टाकलं तर कापलं जाऊ शकतं, आणि पहिल्याच ओळीत टाकलं तर सूर पडतो. "मीच इथे सांगेन" यामुळे रोजचे फोन बरेच कमी होतात.

पाठवण्याआधी एक तपासणी करा: हे वाचून मामा काय म्हणतील? "अभिनंदन" म्हणणार असतील तर मेसेज चुकलाय. "ऑल द बेस्ट" म्हणतील तर बरोबर.

पाठवल्यावर चूक दिसली तर व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांत Edit करता येतं. पण तोवर कोणी मेसेज दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केला असेल, तर तिथली कॉपी जुनीच राहते. Delete for everyone केलं तरी ती जात नाही. अशा वेळी दुरुस्तीचा नवा मेसेज टाकणंच बरं.

आणि हो, हा छोटा मेसेज ग्रुपसाठी आहे, आई-बाबांसाठी नाही. भाडं ते भरत असतील किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्यांच्या खात्यातून जात असेल, तर नकार, दोन महिन्यांचे पैसे, सगळं त्यांना माहीत हवं. ते टाईप करू नका, फोन करा. आणि ग्रुपवर टाकण्याआधी करा, म्हणजे काकूंनी विचारलं तर आईला काय सांगायचं ते ठाऊक असेल.