साथीची लाइन लिस्ट : वॉर्डातील विखुरलेल्या नोंदींवरून

साथीची लाइन लिस्ट म्हणजे एकाच साथीतील रुग्णांची यादी. तिच्यात प्रत्येक रुग्णाला एक ओळ आणि माहितीच्या प्रत्येक बाबीला एक रकाना असतो. रुग्णालयात ही माहिती एका जागी नसते. ती केसपेपर, परिचारिकांचे हँडओव्हर बुक, ट्रीटमेंट शीट, प्रयोगशाळेचे कल्चर रजिस्टर, रेफर रजिस्टर आणि मृत्यू नोंदवही यांत विखुरलेली असते. या नोंदींतील प्रत्येक उल्लेख नेमका कोणत्या रुग्णाचा आहे हे ठरवून तो त्या रुग्णाच्या ओळीत बसवणे, हे यादी करणाऱ्याचे मुख्य काम असते. संसर्ग नियंत्रण पथक या यादीवरून साथ कधी सुरू झाली, कोणत्या खाटांभोवती राहिली आणि कशामुळे पसरली असावी, याचा अंदाज बांधते.

वऱ्हाडातील संदर्भ. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतील गंभीर रुग्ण अचलपूर आणि अमरावती येथे पाठवले जातात. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शेजारच्या वाशीम व बुलडाणा जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात, तर अधिक उपचारांसाठी अनेकांना नागपूरला हलवावे लागते. त्यामुळे एका रुग्णाच्या नोंदी दोन-तीन संस्थांत विभागलेल्या असतात. गावांच्या नावांमुळेही घोटाळा होतो. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आहे, तसेच धामणगाव गढीही आहे. अमरावती तालुक्यात ‘नया अकोला’ नावाचे गाव आहे. वॉर्डातील घाईच्या नोंदीत नुसते ‘धामणगाव’ किंवा ‘अकोला’ एवढेच लिहिले, तर रुग्ण दुसऱ्याच तालुक्यात, प्रसंगी दुसऱ्याच जिल्ह्यात मोजला जातो. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली आणि नया अकोल्यातही रुग्ण आढळले. अशा साथीत पाण्याचा उगम गावाच्या नावावरूनच शोधायचा असतो. म्हणून पत्त्याच्या रकान्यात गाव, तालुका आणि जिल्हा हे तीन भाग वेगळे ठेवतात.

रुग्णव्याख्या. यादी करण्याआधी ‘या साथीचा रुग्ण कोणाला म्हणायचे’ हे लेखी ठरवतात. व्याख्येत लक्षणे, काळ आणि जागा हे तीन भाग असतात. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार रुग्णांचे निश्चित, संभाव्य आणि संशयित असे गट पाडतात. सुरुवातीला व्याख्या थोडी सैल ठेवणे हिताचे असते, कारण नको ते रुग्ण नंतर वगळता येतात. पण जे पहिल्या दिवशी टिपलेच गेले नाहीत त्यांचे केसपेपर पुढे रेकॉर्ड विभागातून शोधून काढावे लागतात. रुग्णालयात झालेला संसर्ग आणि बाहेरून आलेला संसर्ग वेगळे करण्यासाठी सहसा दाखल झाल्यापासून ४८ तासांची मर्यादा धरतात. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या बाळाचा संसर्ग आईकडून आलेला असू शकतो, म्हणून त्याच्यासाठी जन्मानंतर ७२ तासांची मर्यादा वापरली जाते.

रकाने. रकाने थोडे पण नेमके असावेत. पहिला भाग ओळखीचा : यादीतील क्रमांक, आयपीडी क्रमांक, वय, लिंग, पत्ता. दुसरा भाग काळाचा : दाखल झाल्याची तारीख व वेळ, पहिले लक्षण दिसल्याची तारीख व वेळ, नमुना घेतल्याची तारीख. तिसरा भाग जागेचा : वॉर्ड, खाट किंवा वॉर्मर क्रमांक आणि जागा बदलली असल्यास कधी. चौथा भाग आजाराचा : लक्षणे, कल्चरचा निकाल, रुग्णगट, शेवट काय झाला. पाचवा भाग संपर्काचा : सलाइन, सक्शन, व्हेंटिलेटर, शस्त्रक्रिया यांपैकी काय झाले. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नोंद कुठून घेतली’ हा रकाना असतो. तो नसेल तर दोन नोंदी विसंगत निघाल्यावर मूळ पान शोधता येत नाही.

हो-नाही स्वरूपाच्या रकान्यांत मोकळी जागा सोडत नाहीत. ‘हो’साठी १, ‘नाही’साठी ० आणि ‘नोंद सापडली नाही’साठी ९ असे आकडे वापरतात. केसपेपरात सक्शनचा उल्लेख नसणे म्हणजे सक्शन झाले नाही असे नव्हे. ९ च्या जागी ० लिहिला की खरे कारण यादीतून पुसले जाते. तारखांचाही असाच धोका असतो. संगणकातील तक्ता ०५/०८ ही तारीख ५ ऑगस्टऐवजी ८ मे अशी वाचू शकतो, म्हणून तारखा `YYYY-MM-DD` या साच्यात भरतात.

एक नमुना. पुढील उदाहरणातील बाळे व आकडे पद्धत समजावण्यासाठी रचलेले आहेत. एका जिल्हास्तरीय रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात (एसएनसीयू) महिन्याला एखादे रक्त-कल्चर ‘क्लेबसिएला न्यूमोनिए’ या जंतूसाठी पॉझिटिव्ह येत असे. ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात असे तीन अहवाल आले आणि तिन्ही जंतू त्याच प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. पथकाने ५ ते १९ ऑगस्ट हा काळ ठरवला आणि सर्व नोंदवह्या चाळल्या.

कल्चर रजिस्टरमध्ये ६ पॉझिटिव्ह अहवाल होते, पण एका बाळाचे कल्चर दोनदा केलेले असल्याने प्रत्यक्षात बाळे ५ होती. हँडओव्हर बुकात ‘फीड घेत नाही’, ‘सुस्त’, ‘मध्येच श्वास थांबतो’ अशा नोंदी ९ बाळांच्या होत्या. त्यांतील ४ आधीच्या पाचांपैकी निघाली, म्हणजे ५ नवी. रेफर रजिस्टरमधील दोघांपैकी एक नवे होते. मृत्यू नोंदवहीतील दोन्ही बाळे यादीत आधीच होती. एकूण १९ उल्लेखांतून ११ ओळी तयार झाल्या.

या जुळवणीत सर्वाधिक वेळ नावांनी खाल्ला. नवजात बाळाला नाव नसते. त्याची नोंद ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव अशी होते. कक्षात त्या काळात सुनीता नावाच्या दोन माता होत्या आणि त्यांपैकी एकीला जुळे झालेले होते. प्रयोगशाळेच्या एका अहवालावर नुसते ‘बेबी ऑफ सुनीता’ असे होते. तिन्ही बाळांच्या ट्रीटमेंट शीट काढल्यावर १६ ऑगस्टला सकाळी ११ वाजता रक्त फक्त जुळ्यांतील दुसऱ्या बाळाचे घेतल्याचे दिसले, तेव्हा अहवाल त्याच्या ओळीत गेला. म्हणून जुळणी नावावरून न करता आयपीडी क्रमांकावरून करतात. तो क्रमांक C स्तंभात असेल, तर पुढील सूत्र दुबार ओळी दाखवते. उत्तर १ पेक्षा जास्त आले की ती ओळ तपासायची :

```
=COUNTIF($C$2:$C$200,C2)
```

दुसरी अडचण रात्रपाळीची होती. धारणीहून आलेले एक तीन दिवसांचे बाळ १२ ऑगस्टला रात्री १० वाजता दाखल झाले. हँडओव्हर बुकात १४ तारखेच्या पानावर ‘२ वाजता श्वास थांबला’ अशी नोंद होती. ती १४ ऑगस्टच्या पहाटेची मानली तर दाखल होऊन २८ तास होतात आणि बाळ व्याख्येबाहेर जाते. पण ते पान १४ च्या रात्रपाळीचे होते. पाळी मध्यरात्र ओलांडते, तरी पानावरची तारीख बदलत नाही. खरी वेळ १५ ऑगस्टची पहाट होती. म्हणजे ५२ तास झाले होते आणि बाळ यादीत आले. रात्रपाळीच्या प्रत्येक नोंदीची तारीख अशी घड्याळाशी ताडून पाहावी लागते.

व्याख्या लावल्यावर ११ पैकी दोन बाळे येतानाच आजारी असल्याने वगळली गेली आणि एकाला फक्त कावीळ होती. उरलेल्या ८ रुग्णांपैकी ५ निश्चित आणि ३ संभाव्य ठरले. रेफर रजिस्टरमध्ये सापडलेले बाळ संभाव्य गटात होते. त्याचे रक्त नागपूरला गेल्यावर तपासले गेले होते. तिथे फोन करून अहवाल मागवला, तर तोच जंतू निघाला. त्यामुळे निश्चित रुग्ण ६ झाले आणि संभाव्य २ राहिले. कक्षाबाहेर गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा राहिला, तर साथ आहे त्यापेक्षा लहान दिसते. घरच्यांनी सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन नेलेल्या रुग्णांनाही हेच लागू पडते.

वाचन. पूर्ण झालेली यादी प्रथम लक्षणांच्या तारखेनुसार लावतात आणि दररोजच्या रुग्णसंख्येचा स्तंभालेख काढतात. सगळे रुग्ण एक-दोन दिवसांत दाटले असतील तर एखादी दूषित बाटली किंवा औषध असा एकाच वेळचा उगम संभवतो. रुग्ण थोड्याथोड्या अंतराने येत राहिले तर हातांवाटे किंवा उपकरणांवाटे होणारा प्रसार शोधतात. अहवालाच्या तारखेवरून आलेख काढणे ही नेहमीची चूक आहे. कल्चरला काही दिवस लागतात आणि अहवाल एकत्र येतात, त्यामुळे पसरलेली साथही एकाच दिवसाची वाटते.

त्यानंतर संपर्काचे रकाने पाहतात. नमुन्यातील ८ पैकी ७ बाळांना सलाइन लावलेले होते, म्हणून पहिला संशय सलाइनवर गेला. पण त्याच काळात कक्षात असलेल्या २२ निरोगी राहिलेल्या बाळांपैकी २० जणांनाही सलाइन होते. सक्शन मात्र ८ पैकी ६ रुग्णांना आणि २२ पैकी फक्त ४ निरोगी बाळांना झाले होते. फरक इथे होता. पथकाने सक्शनच्या नळ्या व बरण्या यांचे नमुने घेतले आणि त्या प्रत्येक बाळाला स्वतंत्र ठेवण्यास सुरुवात केली.

मर्यादा. लाइन लिस्टमध्ये फक्त रुग्ण असतात, म्हणून नुसत्या यादीवरून कारण सिद्ध होत नाही. आजारी न पडलेल्यांची तीच माहिती शेजारी ठेवल्याशिवाय सक्शन आणि सलाइन यांतला फरक दिसत नाही. शिवाय अधिक आजारी बाळालाच सक्शन अधिक लागते, त्यामुळे आजार आधी की सक्शन आधी हे वेळेच्या रकान्यातून तपासावे लागते. जे वॉर्डात लिहिलेच गेले नाही ते यादीतही येत नाही; अशा वेळी इन्चार्ज सिस्टर व पाळीवरील परिचारिकांना विचारून मिळालेली माहिती ‘तोंडी’ असा शेरा देऊन भरतात.

जपणूक. पथकात फिरणाऱ्या प्रतीत आईचे किंवा रुग्णाचे नाव नसते. फक्त यादीतील क्रमांक असतो. क्रमांक व नाव यांची जोडणी वेगळ्या कागदावर, संसर्ग नियंत्रण परिचारिकेच्या ताब्यात ठेवतात. जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळवण्याजोगा आजार असल्यास त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात माहिती दिली जाते. यादी रोज एकाच व्यक्तीने, ठरलेल्या वेळी अद्ययावत करायची असते आणि प्रत्येक आवृत्तीवर तारीख घालायची असते. जुनी आवृत्ती पुसत नाहीत, कारण संभाव्य रुग्ण निश्चित कधी झाला आणि व्याख्या कोणत्या दिवशी बदलली, हे तिच्यावरूनच पुढे समजते.