फिशटँकचा कॅनिस्टर फिल्टर मंदावलाय आणि गळतोय? आधी इम्पेलर आणि ओ-रिंग तपासा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रससारख्या गावात फिशटँकमध्ये बोअरचे पाणी भरले जाते, तेव्हा त्यातले क्षार हळूहळू फिल्टरमध्ये साचतात. काही महिन्यांनी धार बारीक होते. एखाद्या वेळी वीज जाऊन परत आली की फिल्टर नुसता गुणगुणतो, पाणी फेकत नाही. अशा वेळी बहुतेकदा मोटर जळलेली नसते, तर इम्पेलर अडकलेला असतो.

धार किती कमी झाली, हे बादलीने मोजता येते. पाणी बाहेर सोडणारा पाइप टँकच्या काठाच्याच उंचीवर बादलीत धरा. फिल्टरवर ताशी 1000 लिटर लिहिले असेल, तर 5 लिटर भरायला 18 सेकंद लागायला हवेत. आत स्पंज असल्याने प्रत्यक्षात 30 सेकंद लागले तरी चालते. पण मिनिटभर लागत असेल, तर फिल्टर उघडायची वेळ झाली.

आधी प्लग काढा, मग दोन्ही नळ्यांचे कॉक बंद करा. वरचे झाकण काढून उलटे करा आणि इम्पेलरचे छोटे कव्हर फिरवून काढा. इम्पेलर चुंबकामुळे आत धरलेला असतो, तो सरळ वर ओढा. त्याचा दांडा बऱ्याचदा सिरॅमिकचा असतो, वाकवला तर तुटतो. बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने निघतो. पांढरा कडक थर असेल, तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन इम्पेलर त्यात अर्धा तास बुडवा आणि नंतर स्वच्छ धुवा. इम्पेलर बसतो ती खाचही घासा. स्पंज मात्र टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

गळती बहुतेकदा परत बंद करताना सुरू होते. ओ-रिंगखाली वाळूचा एक कण राहिला, तरी तिथून पाणी झिरपते. रिंग काढून पुसा, तिची खाच कपड्याने साफ करा. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावू नका, काही प्रकारचे रबर त्याने फुगते. रिंग पीळ न पडता खाचेत बसवा, आधी समोरासमोरच्या चार जागा दाबा, मग उरलेला भाग. आतल्या टोपल्या वर आल्या असतील तर झाकण नीट बसत नाही. क्लिपा समोरासमोरच्या जोडीने लावा.

फिल्टर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून कॉक उघडा. आत पाणी भरल्यावरच प्लग लावा. तासाभरात कागद ओला झाला, तर पाणी झाकणाच्या कडेतून येते की कॉकच्या जोडातून, हे बघा. रिंग चपटी झाली असेल किंवा तिला चीर असेल, तर त्याच मॉडेलची नवी घ्या. झाकणालाच तडा असेल, तर ग्रीसने काम भागत नाही.