जुन्या पाकिटावरची तारीख नेमकी कोणती? नंदुरबारच्या ‘९ सप्टेंबर’च्या शिक्क्यावरून समजून घ्या

९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ची घोषणा होऊन जेमतेम महिना झाला होता. नंदुरबारच्या रस्त्यावर मुलांची मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती शहीद झाले. नंदुरबारकरांना ही तारीख सांगावी लागत नाही.

म्हणूनच जुन्या पेटीत एखादं पिवळं पडलेलं पाकीट सापडलं, त्यावर नंदुरबारचा गोल शिक्का दिसला आणि शिक्क्यात ‘९ सेप’ एवढं वाचता आलं, की पुढचं सगळं मन आपोआप जोडतं. फोटो काढला जातो, खाली ओळ लिहिली जाते, ‘त्या दिवशी नंदुरबारहून निघालेलं पत्र’. दोन दिवसांत तो फोटो शंभर ग्रुपवर फिरतो.

पण पाकिटावर खरंच तसं लिहिलेलं असतं का? असं एक पाकीट समोर आहे असं धरू. त्याच्या शिक्क्यात ९ तारीख आणि सप्टेंबर स्पष्ट आहे, सालाचा शेवटचा आकडा २ आहे, पण त्याआधीचा आकडा शाईत बुडाला आहे. म्हणजे साल ४२ असेल, ५२ असेल, ६२ असेल किंवा ७२. भारतीय शिक्क्यांवर साल बहुधा दोनच आकड्यांत असतं, त्यामुळे असा घोळ नेहमी होतो.

आधी शिक्का कुठे आहे ते पाहा

सालाच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. नंदुरबारचा शिक्का पाकिटाच्या पुढे, तिकिटावर पडला आहे की मागच्या बाजूला?

पत्र जिथे टाकलं जातं तिथलं पोस्ट तिकिटावर शिक्का मारतं, म्हणजे ते तिकीट पुन्हा वापरता येत नाही. पत्र जिथे पोचतं तिथलं पोस्ट बहुधा पाकिटाच्या पाठीवर आपला शिक्का मारतं. पोचल्याच्या शिक्क्यात अनेकदा ‘डिलिव्हरी’ या इंग्रजी शब्दाचं आखूड रूप, म्हणजे डी-ई-एल-वाय ही अक्षरं असतात. तेव्हा मुंबईचा शिक्का तिकिटावर आणि नंदुरबारचा पाठीवर असेल, तर ते पत्र नंदुरबारहून निघालेलं नाही, नंदुरबारला आलेलं आहे. फोटो टाकणारे बऱ्याचदा फक्त पाठ दाखवतात आणि गोष्ट उलटी होते.

पाठीवर तिसरा शिक्काही असू शकतो. त्यात आर.एम.एस. अशी अक्षरं आणि सेटचा क्रमांक दिसतो. ही रेल्वे टपाल सेवा, आणि सेट म्हणजे टपाल लावणाऱ्या कर्मचाऱ्यांची एक तुकडी. नंदुरबार सुरत-जळगाव या तापी खोऱ्यातल्या रेल्वेमार्गावर असल्याने इथल्या टपालाला गाडीचा प्रवास नवा नाही. पाकिटावर तीन शिक्के असतील तर तारखाही तीन असू शकतात, आणि तिन्ही बरोबर असतात. पत्र टाकल्याची तारीख हवी असेल तर तिकिटावरचाच शिक्का वाचायचा.

आणि पत्र लिहिलं कधी? ते यातला एकही शिक्का सांगत नाही. त्यासाठी आतला कागद लागतो. लिहून खिशात चार दिवस राहिलेली पत्रं काही कमी नसतात.

आता तिकीट बोलू लागतं

तिकिटाचं काम वेगळं आहे. ते पत्राची तारीख सांगत नाही, पण ‘याच्या आधी नाही’ एवढं ठामपणे सांगतं. जे तिकीट छापलंच गेलं नव्हतं, ते पाकिटावर चिकटणार कसं?

४२ साल असेल तर तिकिटावर सहाव्या जॉर्ज राजाचा चेहरा हवा, इंग्रजीत ‘इंडिया पोस्टेज’ हे शब्द हवेत आणि किंमत आणे-पैत हवी. (एक रुपया म्हणजे सोळा आणे, एक आणा म्हणजे बारा पै.) राजाचा चेहरा दिसला म्हणून काम संपत नाही. स्वातंत्र्याच्या दिवशी पोस्टातला राजाच्या तिकिटांचा साठा काही नाहीसा झाला नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला आलं आणि राजाची तिकिटं त्यानंतरही वापरात दिसतात. पण ती ६२ किंवा ७२ सालापर्यंत येत नाहीत, कारण तोवर आणे-पैचा हिशेबच बदलला होता.

५२ साल असेल तर १५ ऑगस्ट १९४९ पासून सुरू झालेल्या मालिकेतलं तिकीट मिळण्याची शक्यता जास्त. त्यावर जुनी शिल्पं आणि वास्तू आहेत, किंमत मात्र अजून आणे-पैतच. इथे एक गंमतीची चाचणी आहे. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची तिकिटं १ ऑक्टोबर १९५२ ला निघाली. ‘९ सप्टेंबर ५२’ असा शिक्का कबिराच्या तिकिटावर दिसला, तर एकतर आकडा चुकीचा वाचला आहे किंवा पाकिटात काहीतरी बनावट आहे.

६२ साल असेल तर किंमत ‘नये पैसे’त असते. रुपयाचे शंभर पैसे १ एप्रिल १९५७ ला झाले आणि जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून ‘नये’ हा शब्द जोडला गेला. १ जून १९६४ पासून तो गळला. त्यामुळे तिकिटावर ‘नये पैसे’ दिसले की ते साधारण या सात वर्षांत छापलेलं. शिवाय ९ सप्टेंबर १९६२ हा रविवार होता. रविवारी साध्या पोस्टाच्या खिडक्या बंद असतात, म्हणून या सालावर शंका घ्यायला जागा आहे. पण रविवार म्हणजे पुरावा नव्हे, कारण रेल्वेतलं टपालाचं काम वार पाहून थांबत नसे.

७२ सालाला तर पाकिटावर एक खूण जवळजवळ हमखास मिळते. बांगलादेशच्या युद्धाआधी लाखो निर्वासित भारतात आले होते. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत पत्रावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. पोस्टकार्डाला त्यातून सूट होती. सुरुवातीला पाच पैशांच्या कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापून काम चालवलं गेलं, मग निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट आलं. तिकिटं पुरेनाशी झाली तिथे रोख पैसे घेऊन नुसता शिक्का मारल्याचीही उदाहरणं आहेत. पाकिटाच्या कोपऱ्यात ही खूण दिसली, तर ४२ साल विसरायचं.

तिकिटावर छापलेल्या तारखेलाही फसू नये. पहिल्या मालिकेतल्या तिकिटांवर ‘जय हिंद’च्या जोडीला १५ ऑगस्ट १९४७ अशी तारीख छापली आहे. ती टपालाची नव्हे, स्वातंत्र्याची. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या गांधीजींच्या तिकिटांवर १८६९ आणि १९४८ ही सालं आहेत, ती जन्माची आणि मृत्यूची. आणि नागरी-उर्दूत ‘बापू’ हा शब्द आहे, ते पाठवणाऱ्याचं नाव नव्हे.

पत्त्यातला जिल्हा

शिक्का आणि तिकीट दोन्ही पुसट असले, तर पत्ता वाचा. नंदुरबारच्या बाबतीत ही युक्ती विशेष चालते, कारण या गावाचा जिल्हा बदलत गेला आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले, तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात गेलं. मुख्य ठिकाण धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्याच्या सुमारास त्या जिल्ह्याचं नावच धुळे पडलं. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.

म्हणजे ४२ सालच्या पाकिटावर ‘जि. पश्चिम खानदेश’ किंवा ‘प. खानदेश’ शोभतं, ७२ सालच्या पाकिटावर ‘जि. धुळे’. आणि ‘जि. नंदुरबार’ असं लिहिलेलं पाकीट १९४२ चं म्हणून कुणी दाखवलं, तर त्याला दुसरं काही विचारायची गरज नाही. सहा आकडी पिनकोडचंही तसंच. पिन आला १५ ऑगस्ट १९७२ ला. नंदुरबारचा पिन ४२५४१२, आणि त्यातले पहिले तीन आकडे धुळ्याचे नव्हेत तर जळगावकडचे आहेत, कारण टपालाची विभागणी जिल्ह्याच्या सीमेवर बेतलेली नाही.

पत्ता मात्र एका दिशेनेच पक्का पुरावा देतो. नवं नाव आधी येऊ शकत नाही, पण जुनं नाव उशिरापर्यंत राहतं. जिल्हा झाल्यावरही सवयीने ‘जि. धुळे’ लिहिणारे लोक होतेच.

पुसट आकडा वाचायचा कसा

पाकीट ओलं करू नये आणि तिकीट सोलू नये. तिकीट निघालं की शिक्क्याचे दोन तुकडे होतात, आणि उलगडा त्या तुकड्यांच्या जोडातच असतो. पाकीट खिडकीजवळ ठेवून उजेड बाजूने तिरका पडू द्यावा, मग लोखंडी शिक्क्याचा दाब कागदावर दिसतो. फोनवर मोठा फोटो काढून तो काळा-पांढरा करावा आणि कॉन्ट्रास्ट वाढवावा. तिकिटाचा रंग गडद असेल, तर शिक्क्याचा जो भाग तिकिटाबाहेर, साध्या कागदावर पडला आहे तिथे आकडा शोधावा.

याच वेळी शिक्क्याचं वर्तुळ नीट पाहावं. खऱ्या पाकिटावर शाईची रेघ तिकिटावरून कागदावर सलग उतरते. वर्तुळ तिकिटाच्या कडेशी तुटत असेल, किंवा कागदावरच्या शाईची जाडी आणि छटा तिकिटावरच्या शाईशी जुळत नसेल, तर ते तिकीट दुसऱ्या पाकिटावरून आणून चिकटवलेलं असू शकतं. किंमत वाढवायची असेल तर सगळ्यात सोपी लबाडी हीच.

समोरच्या पाकिटावर सहाव्या जॉर्जचं तिकीट आहे, नंदुरबारच्या शिक्क्याचं वर्तुळ त्यावरून सलग उतरलं आहे, पत्त्यात ‘प. खानदेश’ आहे असं धरलं, तर ६२ आणि ७२ बाद. ५२ ची शक्यता उरते ती थोडीच, तीही शिक्क्याच्या अक्षरांवरून तपासता येते. स्वातंत्र्याआधीच्या शिक्क्यांवर बहुतेक नुसतं इंग्रजी असतं. गावाचं नाव नागरीतही दिसलं, तर साल पुढे सरकतं. तेही नसेल, तर ९ सप्टेंबर १९४२, बुधवार, ही तारीख मान्य करायला हरकत नाही.

त्या दिवशी नंदुरबारच्या पोस्टात ते पत्र पडलं होतं, एवढं त्यावरून म्हणता येतं. गोळीबाराच्या आधी की नंतर, हे फक्त शिक्क्यात वेळ उमटली असेल तरच कळेल. आणि तीही पत्र पेटीत टाकल्याची नव्हे, पोस्टात शिक्का मारल्याची वेळ असेल.