जमा झालेला आणि वटलेला

मराठीत चेक आधी ‘जमा’ होतो आणि मग ‘वटतो’. या दोन क्रियापदांमध्ये पूर्वी काही दिवस जात, हे आपल्याकडच्या जुन्या खातेदाराला सांगावं लागत नाही. अमेरिकेत मात्र हा फरक एका कायद्याने नजरेआड केला, आणि तोही ग्राहकांच्या भल्यासाठी.

तिथल्या बँका जमा चेकचे पैसे बरेच दिवस अडकवून ठेवत. त्यावर उपाय म्हणून 1987 साली संसदेने कायदा करून मुदती बांधून दिल्या. ‘कॅशियर्स चेक’, म्हणजे बँकेने स्वतःवरच काढलेला चेक (आपल्या पे ऑर्डरचा भाऊ), खातेदाराने स्वतः खिडकीवर भरला तर साधारणपणे दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पैसे वापरायला द्यायचे. प्रत्यक्षात तो चेक खरा की खोटा हे ठरायला मात्र कधीकधी आठवडे लागत. तोपर्यंत बँकेने दिलेले पैसे एका अर्थी उसनेच असत.

2000 नंतरच्या दशकात क्रेग्जलिस्ट, ईबेवर जुन्या वस्तू विकणाऱ्यांना या फटीचा फटका बसला. समजा, कुणी 900 डॉलरला पियानो विकायला काढला. परगावचा खरेदीदार घासाघीस न करता तयार होतो (इथेच शंका यायला हवी), आणि 3,400 डॉलरचा कॅशियर्स चेक पाठवतो. वरचे 2,500 म्हणे वाहतूकवाल्याचे; ते तेवढे वेस्टर्न युनियनने पुढे पाठवा. विक्रेता चेक भरतो, दुसऱ्या दिवशी शिल्लक वाढलेली दिसते, कारकूनही ‘पैसे आलेत’ म्हणतो. तो पैसे पाठवतो. दोनतीन आठवड्यांनी चेक बनावट म्हणून परत येतो आणि बँक खात्यातून पूर्ण 3,400 वळते करून घेते. चेक भरणाराच त्याला जबाबदार असतो. पियानो घरातच राहतो, 2,500 मात्र जातात. वेस्टर्न युनियनची रक्कम एकदा उचलली की परत मिळवणं जवळजवळ अशक्य.

काही चेकांवर बँकेचं नाव एका ठिकाणचं आणि खालचा मार्गदर्शक आकडा दुसऱ्याच बँकेचा असे. त्यामुळे चेक भलतीकडे भटके आणि ठगांना आणखी दिवस मिळत. 2004 पासून चेकच्या प्रतिमा पाठवण्याची मुभा मिळाली, तशी ही फट अरुंद झाली. बंद मात्र झाली नाही.

आपल्याकडे यूपीआयचे पैसे क्षणात वळतात. जमा आणि वटणं यांत अंतरच नाही. म्हणून इथल्या ठगांनी जमा होण्याचीच नक्कल केली. जुन्या सोफ्याचे 2,000 ठरलेले असतात आणि ‘20,000 जमा’ असा एसएमएस येतो. पाठोपाठ रडवेला फोन: ‘दादा, चुकून एक शून्य जास्त पडलं, 18,000 परत टाका ना.’ खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो. हा बहुधा साध्या दहा आकडी मोबाईल क्रमांकावरून आलेला असतो.