ड्रायव्हरला झेंडा, प्रवाशाला भोंगा

१८६७ साली मुंबईची जी.आय.पी. रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. वऱ्हाडात ती आली कापसासाठी, हे आपल्याला माहीतच आहे. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रेल्वेने स्वतःच्या माणसांसाठी एक भाषा ठेवली अन् प्रवाशांसाठी दुसरी.

ड्रायव्हरला बहुतेक सगळं डोळ्यांनी सांगायचं: सिग्नलचा खाली पडणारा हात, रात्री लाल-हिरवा दिवा, गार्डचा झेंडा. इंजिनाच्या धडधडीत कोणाचं काय ऐकू येणार? म्हणजे इंजिनावरचा माणूस बहिरा आहे असं धरूनच ही पद्धत बसवली होती, अन् ती उत्तम चालली. प्रवाशासाठी मात्र रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर हातोड्याने टोले. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की ठण ठण.

तरी एक फळा असायचा. गाडी किती लेट आहे ते मास्तर खडूने लिहून ठेवायचे. वाचता येणाऱ्या बहिऱ्या माणसाला तेवढं पुरे होतं. मग लाऊडस्पीकर आले अन् खडू हळूहळू मागे पडला.

आता कायद्याकडे पाहा. २०१७पर्यंत लागू असलेल्या १९९५च्या अपंग कायद्यात रेल्वेबद्दल जे कलम होतं, त्यात डब्यात चढता यावं अन् व्हीलचेअरवाल्यांना संडास वापरता यावा, एवढंच ठळक होतं. ऐकू न येणाऱ्याला सूचना कशी मिळेल, याबद्दल त्या कलमात शब्द नव्हता. तिकिटाच्या सवलतीचा नियम तर आणखी गमतीचा: माणूस बहिरा अन् मुका, दोन्ही एकत्र असला पाहिजे. चाळिशीत कान गेलेला पण बोलता येणारा त्यात बसत नाही. बोलता येतं म्हणजे ऐकू येतं, असा काहीतरी हिशोब असावा.

आजचं यंत्र असं चालतं. स्टेशनातला कर्मचारी कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर, वेळ, प्लॅटफॉर्म भरतो. त्याच माहितीतून रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे जुळतात अन् लाल अक्षरांच्या पाट्या बदलतात. इथवर बहिऱ्याचं अन् ऐकणाऱ्याचं नशीब सारखं. अडचण येते ती ऐनवेळी. गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर घेतली, घाई आहे, तर कोणीतरी सरळ माईक हातात घेतो अन् बोलतो. ते बोलणं पाटीवर उमटत नाही. कोणी कॉम्प्युटरमध्ये वेगळं भरेल तेव्हाच पाटी बदलणार.

आमच्या मामांचं हेच झालं. दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही त्यांना. वऱ्हाडातल्याच एका स्टेशनावर (नाव लिहीत नाही) रात्री मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसले होते. पाटीवर गाडीचा नंबर, खाली डब्यांच्या जागा, सगळं बरोबर. मग आजूबाजूचे लोक पिशव्या उचलून जिन्याकडे पळायला लागले. मामा पाटीकडे पाहतात तर पाटी जशीच्या तशी. ते बसून राहिले. समोरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी आली तेव्हा त्यांना कळलं, अन् पुलावर पोचेस्तोवर ती हलली. घरी येऊन म्हणे, "पाटीवर भरोसा ठेवला ना बापा, लोकायकडे पाहाले पाह्यजे होतं."

तुम्ही म्हणाल, मोबाईल आहे ना? आहे. इंग्रजीत PNR लिहून पुढे दहा आकडी नंबर टाकला अन् १३९ला पाठवला की तिकिटाची स्थिती लिहून येते. चार्ट लागला की डबा, बर्थही येतो. पण त्याला रिझर्व्हेशन लागतं. बडनेऱ्याहून अकोल्याला जनरलच्या तिकिटावर रोज जाणाऱ्याला कोण मेसेज करणार? अन् तिकीट एजंटाने काढलं, फॉर्मवर त्याचाच नंबर टाकला, तर मेसेज एजंटाच्या खिशात वाजतो. त्यातही प्लॅटफॉर्म बदलला हे कळत नाही ते नाहीच.

राहिला माणूस. तिकीट खिडकीची काच, मधे माईक, आतल्या बाबूची नजर स्क्रीनवर. ओठ वाचणाऱ्याला यात काय दिसणार? कागद सरकवला तर मात्र काम होतं. गाडी, तारीख, स्टेशन आधीच लिहून नेलं की बहुतेक बाबू त्याच कागदावर उत्तर लिहून देतात. हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

२०२३च्या फेब्रुवारीत चेन्नई सेंट्रलला अनाउन्समेंट बंद करून सगळं पाट्यांवर ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत लोक वैतागले अन् आवाज परत आला. ऐकणाऱ्यांची तक्रार काय होती? पाटी वेळेवर सापडत नाही. दृष्टिहीन प्रवाशांचं तर पाटीवर भागणारच नव्हतं, म्हणून आवाज बंद करा असं मी म्हणणार नाही. माईकवर जे बोललं जातं ते त्याच मिनिटाला पाटीवर टाइप व्हावं, एवढंच.

मामा आता स्टेशनावर पोचले की आधी हमालाला गाठतात. हातावर पेनने गाडीचा नंबर लिहिलेला असतो, तो दाखवतात, स्वतःच्या कानाकडे बोट करतात, मग बसायची जागा दाखवतात. गाडी हलवली की हमाल येऊन खांद्याला हात लावतो.